एफवायच्या इकॉनॉमिक्सचा सेमिस्टर सिलॅबस कसा लावू?

"जळगावला कॉलेजात नवीन लागलोय. १५ आठवडे आहेत, आउटकम्स आणि वाचनाचा क्रम कसा ठरवायचा?"

आधी आउटकम लिहा, चॅप्टर नंतर. पण "लवचिकता समजेल" असलं लिहू नका, ते तपासणार कसं? "भाव बदलला तर एकूण प्राप्ती वाढेल की घटेल हे विद्यार्थी आकड्यांवरून सांगेल" असं लिहा, म्हणजे परीक्षेचा प्रश्न तिथंच तयार होतो. समजा रावेरच्या केळीचा भाव १००० वरून ८०० झाला आणि मागणी १०० क्विंटलवरून ११० झाली, तर भाव २० टक्के उतरला पण मागणी १० टक्केच वाढली, लवचिकता ०.५, आणि प्राप्ती १ लाखावरून ८८ हजारावर आली.

हे जमायला आधी मागणी-पुरवठ्याला पूर्ण ३ आठवडे द्या, मग लवचिकतेला २. घाई केली की पोरं मागणीतला विस्तार आणि मागणीतली वाढ एकच समजतात, त्याच वक्रावर सरकायचं तिथं नवा वक्र काढून ठेवतात, तसं दिसलं की पुढं जाऊच नका.

वाचायला आधी पेपरातले बाजारभाव, मग बारावीचं पाठ्यपुस्तक, जाड संदर्भग्रंथ शेवटी. राष्ट्रीय उत्पन्न शेवटच्या ४ आठवड्यांत बसतं.