अर्जातला दुसरा परिच्छेद

प्रिय मित्रा,

फील्ड टेक्निशियनच्या अर्जाचा तुझा मसुदा वाचला. विषयाच्या ओळीत पद आणि तालुका दोन्ही आहेत, ते तसंच राहू दे. खरी अडचण दुसऱ्या परिच्छेदात आहे. ‘मी मेहनती आहे, फायबरचे चांगले ज्ञान आहे’ हे प्रत्येकजण लिहितो. अर्ज चाळणाऱ्या सुपरवायझरला एवढंच हवं असतं की ग्राहकाच्या घरी नेट बंद पडलं, तर हा मुलगा सुरुवात कुठून करेल.

म्हणून तिथे प्रॅक्टिकलमध्ये तू स्वतः काढलेला एक फॉल्ट लिही. साधारण असा:

‘प्रशिक्षणातील जोडणीत पॉवर मीटर 1490 नॅनोमीटरवर ठेवून ग्राहकाच्या टोकाला मोजले असता उणे 27 डीबीएम आले. कनेक्टर साफ केल्यावर उणे 26 झाले. पॅचकॉर्डमध्ये लाल लेझर सोडल्यावर डब्याच्या झाकणाखाली दबलेल्या वळणातून प्रकाश बाहेर येताना दिसला. वळण मोकळे केल्यावर उणे 19 आले.’

आकडे तुझ्या जर्नलमधले घाल, माझे उतरवू नकोस. मुलाखतीत पहिला प्रश्न यावरच येईल. उणे 27 वाईट का, तर घरातल्या ओएनटीची प्रकाश ओळखण्याची मर्यादा साधारण तिथेच संपते. उन्हाने किंवा धुळीने थोडी घट झाली की लाल दिवा लागतो. उणे 19 ला आठ डीबीची सवड मिळते.

दुसरा प्रश्न बहुधा असा असेल: लेझर नसता तर वळण आहे की घाण, हे कसं ओळखलं असतंस? इथे बरेच जण अडखळतात. वळलेल्या फायबरमधून लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त गळतो. म्हणून तीच तार 1310 आणि 1550 अशा दोन्हींवर मोजायची. 1550 वर घट ठळकपणे जास्त दिसली, तर वळणाचा संशय धरायचा. दोन्हीकडे जवळजवळ सारखी असेल, तर कनेक्टर किंवा जोड तपासायचा. हिरव्या कनेक्टरला निळा जोडलेला नाही ना, तेही बघायचं, कारण हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याशी ते नीट टेकत नाही.

स्प्लायसिंग केलं असेल, तर ‘स्प्लायसिंग येते’ एवढ्यावर थांबू नकोस. किती जोड केले आणि मशीनने किती घट दाखवली, ते लिही. 0.05 डीबीच्या आत असेल तर चांगलं. मात्र मशीनचा आकडा अंदाजाचा असतो, खरी घट ओटीडीआरने दोन्ही बाजूंनी मोजून कळते, हे लक्षात ठेव.

शेवटच्या परिच्छेदात दुचाकीचा परवाना, खांबावर आणि टॉवरवर चढायची तयारी, रात्रपाळी आणि रुजू व्हायची तारीख, एवढं दोन ओळींत येतं. उंचीवर काम जमत नसेल, तर आत्ताच सांग, मग आपण इनडोअर जोडणीच्या पदासाठी वेगळा अर्ज करू. सगळं एका पानात बसव आणि मसुदा जर्नलच्या त्या पानाच्या फोटोसह पाठव.