साईट सोडून एम.टेक.ला जाताना राजीनाम्यात काय लिहावं?

*प्रश्न: मी एका कॉन्ट्रॅक्टरकडे दोन वर्षं साईट इंजिनीअर आहे. स्ट्रक्चरच्या एम.टेक.ला सीट मिळाली. नोटीस ६० दिवसांची आणि कॉलेज त्याआधीच सुरू होतंय. राजीनाम्यात खरं कारण लिहू का? आणि एवढ्या लवकर सोडतील का?*

खरं कारण लिहा, पण एका वाक्यात. तुमच्या पत्राचं खरं काम तारखेचं आहे.

मी पुण्यात एका १४ मजली इमारतीच्या साईटवर होतो तेव्हा माझंही हेच झालं. पहिला मसुदा दीड पानाचा होता. डिझाईनची ओढ कशी लागली, सळई मोजता मोजता ती सळई तिथे का आहे हा प्रश्न कसा पडला, वगैरे. प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांनी चहा पिता पिता वाचला आणि कागद परत दिला. म्हणाले, "छान लिहिलंयस. आता मला एवढंच सांग, तू कधी जातोस आणि आठवा स्लॅब कोण भरणार?"

मग दुसरं पत्र लिहिलं. ऑफिसच्या रीतीप्रमाणे इंग्रजीत होतं, मजकूर साधारण असा:

> महोदय, मी साईट इंजिनीअर पदाचा राजीनामा देत आहे. स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगच्या पूर्णवेळ एम.टेक.ला मला प्रवेश मिळाला असून २२ जुलैला तेथे हजर व्हायचे आहे. नेमणूकपत्रानुसार आजपासून ६० दिवसांची नोटीस ९ ऑगस्टला संपते. मला १५ जुलैला कार्यमुक्त करावे, ही विनंती. कमी पडणाऱ्या २५ दिवसांपैकी ९ दिवस शिल्लक रजेतून व उरलेले १६ दिवस नियमाप्रमाणे पगारातून वळते करावेत. आठव्या मजल्याचा स्लॅब मी असतानाच भरला जाईल. हस्तांतराची यादी सोबत जोडली आहे.

पत्रावर तारीख १० जून. प्रवेशपत्राची प्रत जोडली. बस, एवढंच.

त्या २५ दिवसांच्या हिशेबाकडे नीट बघा, कारण खरी घासाघीस तिथेच होते. नेमणूकपत्र काढून वाचा: नोटीस कमी पडली तर वसुली बेसिकवर आहे की पूर्ण पगारावर? माझा पगार २८,००० होता, त्यात बेसिक १४,०००. सोळा दिवसांचे बेसिकवर साडेसात हजारांच्या आत होतात, पूर्ण पगारावर पंधरा हजारांच्या जवळ. माझ्या नेमणूकपत्रात "बेसिक" असं स्पष्ट छापलेलं होतं, तरी अकाउंट्सने आधी पूर्ण पगारच धरला होता. रजा नोटिशीत वळती करायची की नाही हेही कंपनीवर असतं, म्हणून ते पत्रातच मागून ठेवा. तोंडी "बघू" म्हणाले तर ईमेलवर उत्तर घ्या.

"कॉलेजला आधी जॉइन होतो, रिलीव्हिंग नंतर घेतो" असं करू नका. नोकरी करत असलेल्यांकडून बरीच कॉलेजं कार्यमुक्तीचं पत्र मागतात, आणि गेटवर मिळणारी महिन्याची १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती घेताना दुसरीकडचा पगार चालू ठेवता येत नाही.

आता लवकर सोडण्याबद्दल. कॉन्ट्रॅक्टर अडवतो तो रागाने कमी आणि भीतीने जास्त. माणूस गेला की त्याच्या डोक्यातलं सगळं जातं, ही भीती. म्हणून हस्तांतराची यादी राजीनाम्यासोबतच द्या. ड्रॉइंगची रजिस्टरं, पोअर कार्ड, स्टीलचा ताळमेळ, हातातली रोकड हे सगळे लिहितातच. सुटतं ते तुम्ही गेल्यावर ज्याची तारीख येणार आहे ते.

आमचा आठवा स्लॅब ८ जुलैला भरला. त्याचे २८ दिवसांचे क्यूब ५ ऑगस्टला फोडायचे, म्हणजे मी नसताना. स्लॅबचा गाळा पाच मीटरच्या वर होता. साडेचार मीटरच्या पुढच्या गाळ्याला आयएस ४५६ प्रमाणे टेकू १४ दिवस ठेवायचे, म्हणजे २२ जुलैपर्यंत. मी कॉलेजात रांगेत उभा असणार तोच दिवस. आणि सेंटरिंगवाल्याला वरच्या मजल्यासाठी तेच टेकू हवे असतात. नवा मुलगा साईटवर आलाय, जुना साहेब गेलाय, हे त्याला पहिल्या दिवशी कळतं. म्हणून मी एका कागदावर फक्त तारखा लिहिल्या: कुठले क्यूब कधी, कुठला टेकू कधी, पाणी मारणं कधीपर्यंत. तो साईट ऑफिसच्या भिंतीवर चिकटवला आणि सेंटरिंगच्या मिस्त्रीला नव्या इंजिनीअरसमोर वाचून दाखवला. त्याला ते फारसं आवडलं नाही.

एक गोष्ट मात्र मीच विसरलो. तिसऱ्या मजल्यावर क्लायंटच्या इंजिनीअरने तोंडी सांगून टॉयलेटची एक भिंत पाडून दीड फूट सरकवायला लावली होती. मोजमाप माझ्या खिशातल्या डायरीत होतं, मेजरमेंट शीटमध्ये चढवायचं राहिलं होतं. मी गेल्यावर लेबर ठेकेदाराचं बिल तिथे अडकलं आणि त्या वादात माझा शेवटचा हिशेबही थांबला. सप्टेंबरमधला एक अख्खा रविवार साईटवर जाऊन, डायरीवरून शीट भरून, सह्या करून दिल्या तेव्हा पैसे सुटले. तेव्हा शेवटच्या आठवड्यात खिशातली डायरी पहिल्या पानापासून चाळा. तोंडी हुकमाचं जे जे काम सापडेल ते शीटवर चढवा आणि क्लायंटच्या माणसाची सही तुम्ही साईटवर असतानाच घ्या. नंतर तो "मी कधी म्हटलं?" म्हणतो.

अनुभवपत्राचा मसुदा स्वतः करून द्या. एच.आर.चा ठरलेला नमुना "अमुक ते अमुक काळ नोकरीत होते" एवढाच असतो, तो डिझाईन ऑफिसच्या मुलाखतीत काही सांगत नाही. मी लिहून दिलं होतं: १४ मजली आर.सी.सी. इमारत, स्लॅबपूर्व तपासणी, बी.बी.एस. तपासणे, क्यूब चाचणी. त्यांनी दोन शब्द बदलून सही केली. कामावर घेताना मूळ मार्कशीट ठेवून घेतली असेल तर ती राजीनाम्याच्याच दिवशी लेखी मागा, कॉलेजच्या कागदपत्र तपासणीत मूळ प्रती लागतात. पी.एफ. खात्यात नोकरी सोडल्याची तारीख चढली का तेही बघा. कंपनीने नाही टाकली तर दोन महिन्यांनी पोर्टलवरून स्वतः टाकता येते.

पत्रात काय नको? पगार उशिरा होतो, साईटवर सेफ्टी नाही, साहेब ओरडतात, हे खरं असलं तरी नको. आणि "एम.टेक. करून परत येईन" हेही नको. मी पहिल्या मसुद्यात ते लिहिलं होतं. साहेबांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि हसले.

तुम्ही तारीख लिहिलेली नाही, पण मोजणी पत्र दिल्या दिवसापासून सुरू होते. सीट पक्की असेल, फी भरली असेल, तर आजच संध्याकाळी ईमेल टाका, प्रत एच.आर.ला ठेवा, आणि त्याआधी मॅनेजर साहेबांना प्रत्यक्ष भेटून सांगा. त्यांना हे ईमेलमधून कळलं तर १५ तारखेची ३० होते.