कूपन बारा टक्के, हातात मात्र साडेदहाही नाही

प्रश्न: बाँडची किंमत काढताना वर्तमान मूल्याच्या तक्त्यात कोणता दर पाहायचा? बाँडवरचा की बाजारातला?

बाजारातला. बाँडवरच्या दराने, म्हणजे कूपननं, फक्त दरवर्षी किती व्याज येणार ते कळतं. तो दर धरून पाहाल तर उत्तर दर वेळी दर्शनी किमतीवरच येऊन थांबेल. बाजारातला दर वेगळा असूनही तसं आलं, की रकाना चुकलाय असं समजा.

प्रश्न: व्याज सहामाही असेल तर दर निम्मा केला की झालं ना?

नाही. हप्ते दुप्पट होतात, म्हणून ओळही बदलते. १० टक्के दर आणि ५ वर्षं असतील, तर ५ टक्क्यांचा रकाना आणि १० ची ओळ. दांडिया बाजारातल्या माझ्या शिकवणीत दर बॅचला निम्मी मुलं ५ च्याच ओळीत अडकतात.

प्रश्न: रावपुऱ्यातल्या एजंटनं बाबांना १,००० रुपयांचा १२ टक्क्यांचा बाँड १,०६० ला सांगितलाय. पाच वर्षं, व्याज वार्षिक. "बारा टक्के पडतात," म्हणतो. निवृत्तीचे पैसे घालावेत का?

बारा पडत नाहीत. हे वाक्य ऐकून लोक सही करून येतात आणि मग मला विचारतात, याचाच मला त्रास होतो. बाबा आज १,०६० देणार, पाच वर्षांनी परत मिळणार १,०००. वरचे ६० रुपये एजंट हिशेबात धरतच नाही. कोणी १२० ला १,०६० नं भागून ११.३ टक्के सांगेल. तेही खरं नाही, कारण ६० चा तोटा त्यातही नाही.

खरा परतावा, म्हणजे वायटीएम, तक्त्यानं असा काढा. किंमत दर्शनीपेक्षा जास्त आहे, तेव्हा परतावा १२ च्या खालीच असणार. आधी १० टक्के धरा. पाच वर्षांच्या ॲन्युइटीचा, म्हणजे दरवर्षी येणाऱ्या एकेका रुपयाच्या आजच्या मोलाचा, आकडा ३.७९०८, त्याला १२० नं गुणून ४५४.९० रुपये. शेवटी मिळणाऱ्या हजाराला पाच वर्षांनी येणाऱ्या एका रुपयाच्या आजच्या मोलानं, ०.६२०९ नं, गुणून ६२०.९०. एकूण १,०७५.८०. हे १,०६० पेक्षा जास्त, म्हणून दर वाढवा. ११ टक्क्यांना आकडे ३.६९५९ आणि ०.५९३५, बेरीज १,०३७.०१. म्हणजे उत्तर या दोघांच्या मध्ये. एका टक्क्याला किंमत ३८.७९ नं उतरते, आपल्याला १५.८० नं उतरवायची आहे. भागाकार ०.४१, म्हणून परतावा सुमारे १०.४ टक्के. दोन रकाने शेजारचेच घ्या. ८ आणि १४ मधून काढलेलं उत्तर थोडं फुगतं, कारण किंमत सरळ रेषेत उतरत नाही.

आता १०.४ टक्के पुरेसे आहेत का, ते कंपनीच्या पतमानांकनावर, करावर आणि कंपनीला मुदतीआधी बाँड परत घेण्याची मुभा आहे का यावर ठरेल. दोनच वर्षांत १,००० देऊन परत घेतला, तर ६० चा तोटा दोन वर्षांतच सोसावा लागेल आणि परतावा आणखी घसरेल. माहितीपत्रक घेऊन सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडे जा, आणि या आठवड्यातच जा. तोवर सही नको.

प्रश्न: वायटीएम काढली म्हणजे तेवढे मिळणारच ना?

मुदत संपेपर्यंत बाँड ठेवला, कंपनीनं पैसे वेळेवर दिले आणि आलेलं प्रत्येक व्याज त्याच दरानं पुन्हा गुंतवता आलं, तरच. बाबा व्याज घरखर्चाला वापरणार असतील, तर सल्लागाराला ते आधीच सांगा.