जागा सोडा, दिवस कसे वाटून घेतले ते बघा

प्रश्न: एका मुलीशी चॅटवर छान बोलणं चालू आहे. मी विचारलं, "एक आठवडा पूर्ण मोकळा मिळाला तर कुठे जाशील?" ती म्हणाली, "कुठेही चालेल." यावरून काय समजायचं? अशा प्रश्नांतून माणूस खरंच कळतो का, की नुसता टाइमपास?

उत्तर:

कळतो. पण तुम्ही विचारलाय तसा विचारला तर नाही कळत. आणि हा "टाइमपास" शब्द मी आमच्या मामांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की आज सविस्तरच लिहिते.

आधी तुमचा प्रश्न का फसला ते सांगते. "कुठे जाशील" एवढंच विचारलं आणि पैसे, दिवस, सोबत यातलं काहीच ठरवलं नाही की समोरचा माणूस पोस्टरवरचं उत्तर देतो. स्वित्झर्लंड, मालदीव, लडाख बाइकवर. किंवा मग "कुठेही". दोन्हीत माहिती शून्य. सायकॉलॉजीत ट्रोप आणि लिबरमन या दोघांचं यावर बरंच काम आहे. त्यांचं म्हणणं असं की लांबच्या काळातली गोष्ट आपण ढोबळ, आदर्श रूपात बघतो आणि जवळ आली की तीच गोष्ट तपशिलात, अडचणींसकट दिसते. "कधीतरी कुठेतरी" विचारलं की माणूस त्याला जसं असावंसं वाटतं तसा बोलतो, येत्या महिन्यातलं विचारलं की जसा आहे तसा. म्हणून स्वप्नाला कुंपण घाला. मी असं विचारते: इंदूरहून निघायचं, सात दिवस, दोघांत मिळून तीस हजार, विमान नाही, ऑफिसचा फोन बंद. आता सातही दिवस भरून दाखव.

सात दिवस भरायला लागले ना की माणूस आपोआप उलगडतो. किती वेळ प्रवासात घालवायची तयारी आहे, पैसा राहण्यावर जातो की खाण्यावर, एखादा दिवस रिकामा ठेवायची हिंमत आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यातले दोन दिवस तुम्ही स्वतःसाठी मागितलेत तर त्यांचं तो काय करतो.

आता माझी गोष्ट. इथे इंदूरला लोकमान्य नगरात मामांकडे एक स्थळ आलं होतं, मुलगा पुण्याचा, आयटीतला, पॅकेज उत्तम, दिसायला छान, बोलायलाही मोकळा. मोठ्यांनी आम्हाला गच्चीवर पाठवलं. मी विचारलं, तर पहिलं उत्तर अर्थातच स्वित्झर्लंड. मग मी कुंपण घातलं. तो चिडला नाही, उलट रंगला. मनाली म्हणाला, रेल्वेने दिल्ली, पुढे रात्रीची बस, कुठल्या दिवशी कुठे पोचू सगळं पटापट सांगितलं. मी विचारलं मनालीच का, तर म्हणाला शाळेची ट्रिप गेली होती तेव्हा घरी पैशाची अडचण होती म्हणून तो एकटाच गेला नव्हता, बर्फ तेव्हापासून राहिलाय. खरं सांगते, मला तो त्या क्षणी आवडला. जाण्यायेण्यातच अर्धा आठवडा संपतोय तरी चालेल म्हणणारा माणूस, म्हणजे मनात एक गोष्ट धरून ठेवणारा आहे हे कळलं.

मग मी म्हटलं, आता माझे दोन दिवस. मला नर्मदेकाठी चालायचंय. माझं आजोळ मंडलेश्वरचं, आजी परिक्रमावासींना सदावर्त द्यायची, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ असा कोरडा शिधा, आणि ते लोक ओट्यावर बसून काय काय सांगायचे ते मी लहानपणी ऐकलंय. परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवतात आणि पात्र ओलांडत नाहीत, म्हणून उत्तर तटावर चालणारे महेश्वरकडून मंडलेश्वरमार्गे बडवाहाकडे, पूर्वेला जातात. तेवढाच तुकडा मला चालून बघायचा होता. पूर्ण परिक्रमा नाही, ती हजारो किलोमीटरची आणि काही महिन्यांची गोष्ट आहे.

यातलं मी अर्धंही सांगू शकले नाही. पहिल्या वाक्यालाच तो म्हणाला, "पायी कशाला, ते रिटायर झाल्यावर करू. त्या दोन दिवसांत रोहतांग होऊन जाईल." आणि पुढे रोहतांगचं परमिट कसं काढतात ते सांगायला लागला. मी त्याला मनालीबद्दल किती तरी वेळा "का" विचारलं होतं, त्याने मला नर्मदेबद्दल एकदाही विचारलं नाही.

मी नकार कळवला. मामा भडकले. "ट्रिपवरून स्थळ नाकारतात का? सिनेमा आहे का हा? पगार बघ, घर बघ, व्यसन नाही ना ते बघ." मामांना मी तेव्हाही सांगितलं आणि आजही तेच सांगते की मनाली मला मान्य होती, मी मनालीला गेलेही असते. पण ज्या गप्पांत पैसे खरे नाहीत, वेळ खरा नाही, काहीच पणाला नाही, तिथेही ज्याला माझे दोन दिवस ठेवता आले नाहीत तो खऱ्या रजा आणि खऱ्या पैशात काय ठेवणार होता? पगाराची स्लिप हे सांगत नाही. व्यसन नाही हे शेजारीपाजारी सांगतात, हे कोणी सांगत नाही.

नंतर मैत्रिणीच्या साखरपुड्यात एकाची ओळख झाली. पीथमपूरला कारखान्यात मेंटेनन्सला, शिफ्टची नोकरी. चॅटवर मी तोच प्रश्न टाकला, त्याच अटींसकट. त्याचं उत्तर असं आलं: पहिला दिवस झोप आणि कपडे धुणं. मला इतकं बरं वाटलं! कारण शिफ्ट करणाऱ्या माणसाचा मोकळा आठवडा खरंच असाच सुरू होतो, तो मला इंप्रेस करायला बसला नव्हता. दुसरा-तिसरा दिवस महेश्वर, हातमाग बघायला. का? तर त्याच्या आईकडे महेश्वरी साडी आहे, तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, कुठलीही बाजू वर घेऊन नेसता येते, आणि तो मागावर नेमका कसा बसवतात हे त्याला मशीनवाल्या नजरेने जवळून बघायचं होतं.

चौथ्या दिवसापाशी थांबून त्याने लिहिलं, "आता तुझे सांग, मग पुढचं ठरवतो." मी नर्मदेचं लिहिलं. त्याचा पहिला मेसेज, "का?" मी आजीचं लिहिलं. दुसरा, "सदावर्तात मीठ-मिरची पण द्यायचे का?" कोणाला सुचतो हा प्रश्न? आजी मीठ-मिरची कागदाच्या पुडीत वेगळी बांधून द्यायची, आणि ते मी स्वतःच विसरले होते. रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही मंडलेश्वरच्या घाटावरच होतो. सातव्या दिवशी त्याने पातालपाणी ते कालाकुंडची हेरिटेज गाडी टाकली होती आणि लिहिलं होतं, "सहा दिवस कसेही जाऊ देत, या गाडीत खिडकीची सीट तुझी. पण कालाकुंडला पानाच्या द्रोणात कलाकंद मिळतो, तो अर्धा-अर्धा."

तुम्हाला फ्लर्टिंग म्हणजे काय ते विचारायचं असेल तर ते हे. डोळे, हसू, कविता काही नाही, माझ्यासाठी एक सीट आणि कलाकंदाचा हिशोब. आणि त्याच आठवड्यात मेसेज आला, "रविवारच्या गाडीत जागा आहे, काढू का?" आठवडा काही मिळाला नव्हता, पण त्याने त्यातला एक दिवस उचलून कॅलेंडरवर आणला. माझ्या मते खरी परीक्षा इथे होते. जो नुसताच प्लॅन रंगवतो आणि महिनाभरात त्यातली चार तासांचीही गोष्ट करत नाही, त्याला प्लॅन आवडतात, तुम्ही आवडता असं नाही.

आणखी एक, स्वतः उत्तर न देता नुसते प्रश्न टाकत राहू नका, तो इंटरव्ह्यू होतो. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन यांनी 1997 मध्ये छापलेला, अनोळखी माणसांत जवळीक वाढवायचा तो 36 प्रश्नांचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल, त्यातही दोघांनी आळीपाळीने उत्तरं द्यायची आणि हळूहळू जास्त खासगी व्हायचं असंच आहे. तुम्ही तिला विचारलंत, पण स्वतःचा आठवडा तिला सांगितलात का? तुमच्या प्रश्नात तरी दिसत नाही.

आता "कुठेही चालेल" बद्दल. भिया, यावरून ती बोअर आहे असं लगेच ठरवू नका. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, ज्यांना रविवारीही सुट्टी नाही, किंवा ज्यांना आजवर कोणी तुला काय हवंय असं विचारलंच नाही (आपल्याकडे अशा मुली कमी नाहीत), त्यांना सात दिवस म्हटलं की डोळ्यांपुढे काहीच येत नाही. त्यांना लहान विचारा. रविवारची संध्याकाळ, चार तास, पाचशे रुपये, घरी कोणी हाक मारणार नाही, काय करशील? माझी वहिनी आठवड्याच्या प्रश्नाला "काही सुचत नाही" म्हणाली होती आणि चार तासांच्या प्रश्नाला लगेच म्हणाली, राजवाड्याजवळ एकटीने फिरायचं, काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं, मग सराफ्यात उभ्याने गराडू, म्हणजे कंदाचे तळलेले तुकडे, खायचे. हिवाळा असेल तरच, हेही तिने सांगितलं.

दोन गोष्टी राहिल्या. ओळख नवी असेल तर "आपण दोघं कुठे जाऊ" असं विचारू नका, "तू कुठे जाशील" एवढंच. तुमचं नाव त्या प्लॅनमध्ये घालायचं की नाही हे तिला ठरवू द्या. आणि चार तासांच्या प्रश्नालाही "माहीत नाही" आलं, उलट प्रश्नही आला नाही, तर तिला बोलायचं नाहीये, तिथे थांबा.

आणि हो, या प्रश्नातून कर्ज, तब्येत, घरच्यांचा स्वभाव हे काही कळत नाही, ते वेगळं विचारावंच लागतं. मामांचा तेवढा मुद्दा मला मान्य आहे. त्यांनी माझ्या नवऱ्याचा पगार विचारला होता आणि त्याने सांगितलाही. फक्त मामांनी एकदा मामींना सात दिवस द्यावेत आणि त्या काय म्हणतात ते ऐकावं, एवढी माझी त्यांच्याकडे मागणी आहे. मी मामींना विचारलंय, त्यांचे सातही दिवस तयार आहेत.