ॲडसेन्सची पहिली रक्कम कधी येते आणि हातात किती पडते?

प्रश्न: माझे ॲडसेन्सवर 10 डॉलर कधीच ओलांडले, पण पिनचं पत्र अजून आलेलं नाही. 100 डॉलर झाले की पैसे आपोआप बँकेत येतील का? आणि डॉलरचे माझ्या चलनात रूपांतर होताना किती कापले जातील?

उत्तर:

आपोआप येणार नाहीत. पत्ता पडताळलेला नसेल तर शिल्लक 100 काय, 500 डॉलर झाली तरी पैसे अडकून राहतात. म्हणून आधी पत्राचं बघा.

10 डॉलर झाल्यावर (आणि ओळख पडताळणी मागितली असेल तर ती झाल्यावर) सहा अंकी पिन साध्या टपालाने निघतो. त्या पत्राला ट्रॅकिंग नसतं, पोचल्याची सही नसते. त्यामुळे Payments मध्ये लिहिलेला पत्ता वाचून पोस्टमन दारापर्यंत येईल का, हे महत्त्वाचं. दारावरच्या पाटीवर दुसऱ्याचं आडनाव असेल तर पत्त्यात 'द्वारा अमुक' असं जरूर घाला. मी पाहिलेल्या बऱ्याच 'हरवलेल्या' पत्रांचं कारण एवढंच होतं. तीन आठवडे वाट पाहून नवा पिन मागवता येतो. पत्ता चुकीचा असेल तर आधी तो दुरुस्त करा आणि मगच मागवा, नाहीतर दुसरं पत्रही पहिल्याच्या मागे जाईल. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती दिसणं थांबतं, तेव्हा फार ताणू नका.

पत्राची वाट बघत असतानाच बँकेचा तपशील भरून टाका. खातेदाराचं नाव पासबुकावर जसं आहे अगदी तसंच हवं. तिथे आद्याक्षरं आणि इथे पूर्ण नाव, असं असलं की बँक रक्कम परत पाठवू शकते. पैसे बुडत नाहीत, पुन्हा ॲडसेन्सच्या शिलकीत दिसतात. पण खात्यातून पैसे निघणं थांबवलं जातं आणि महिना वाया जातो. स्विफ्ट कोड 8 किंवा 11 अक्षरांचा असतो. शेवटची तीन अक्षरं शाखेची. तुमच्या शाखेला स्वतःचा कोड नसेल तर बँकेला विचारा की परदेशी रक्कम कोणत्या कोडवर घ्यायची. काही देशांत पैसे स्थानिक चलनातच येतात आणि आधी खात्यात एक किरकोळ चाचणी रक्कम जमा होते. तिचा नेमका आकडा ॲडसेन्समध्ये भरावा लागतो. वायर ट्रान्सफरला ही पायरी नसते.

आता 100 डॉलरचं गणित. रोज दिसणारा आकडा अंदाजी असतो. महिन्याची पक्की रक्कम पुढच्या महिन्याच्या 3 तारखेच्या सुमारास शिलकीत चढते, अवैध क्लिक वजा होऊन. त्यामुळे 100.40 चे 99.70 झालेले दिसले तर दचकू नका. पक्की शिलक 100 च्या वर असेल आणि 20 तारखेपर्यंत सगळ्या पडताळण्या पूर्ण असतील, तर पैसे 21 ते 26 च्या दरम्यान निघतात. समजा तुमचे 100 डॉलर 28 मेला झाले, तर पैसे जूनमध्ये निघतील. तेच 2 जूनला झाले तर जुलैअखेर.

रूपांतराबाबत एक हिशेब बघा. त्यातली शुल्कं मी समजायला सोपी घेतली आहेत, तुमच्या बँकेची वेगळी असतील. 104 डॉलर निघाले, मधल्या बँकेने 10 कापले, उरले 94. तुमच्या बँकेने बाजारभावापेक्षा 2 टक्के कमी दर दिला, म्हणजे सुमारे 92 डॉलरइतकी रक्कम. त्यातून 3 डॉलरचं जमा शुल्क गेलं की 89 च्या आसपास. ॲडसेन्सने तुम्हाला कमी दिलं असं वाटेल, पण पावतीवर 104 च असणार. खात्री करायची तर बँकेकडे स्विफ्ट संदेशाची प्रत मागा. जुन्या एमटी103 नमुन्यात 33B समोर मुळात पाठवलेली रक्कम आणि 71F समोर वाटेत कापलेलं शुल्क असतं. दरातली तफावत मात्र तिथे दिसत नाही. त्यासाठी जमेच्या दिवशीचा बाजारभाव आणि बँकेने लावलेला दर शेजारी ठेवून बघावं लागतं.

यात टक्क्यांचा भाग टळत नाही, तो बँकेशी बोलून थोडा कमी झाला तर झाला. ठरावीक शुल्काचा भार मात्र हलका करता येतो. तीन वेळा 104 घेतले तर वरच्या दरांनी साधारण 267 डॉलर मिळतात, आणि एकदाच 312 घेतले तर 293. यासाठी Payments च्या सेटिंगमध्ये पेमेंटची किमान मर्यादा 100 वरून 300 करता येते. पण मी पहिली रक्कम 100 वरच काढायला सांगेन, कारण नाव किंवा स्विफ्ट कोड चुकलेला असेल तर ते त्याच वेळी कळतं. ती जमा झाली, शुल्क किती लागतं ते दिसलं, की मर्यादा वाढवा.