चव जुळू देऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझी कथा दोनदा वाचली. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारले आहेस की वासांचे एवढे वर्णन करूनही ते घर उभे का राहत नाही, आणि आणखी विशेषणे घालावीत की आहेत ती काढावीत. माझ्या मते प्रश्न विशेषणांचा नाहीच. तुझी नायिका बारा वर्षांनी परतते, बंद स्वयंपाकघर उघडते, भात लावते, पहिला घास घेते आणि ‘तीच चव’ म्हणत रडू लागते. त्या ‘तीच’ या शब्दापाशी तुझी कथा संपली. चव जर तंतोतंत जुळली, तर मधली बारा वर्षे कुठे गेली? म्हणून सांगतो, चव जुळू देऊ नकोस. हे मी पुढेही पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, तेव्हा कंटाळू नकोस.

आधी दारापाशी थांबू. कोणताही वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच नाकाला त्याची सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. आपल्या घराला स्वतःचा असा वास असतो हे आपल्याला कळत नाही आणि पाहुण्याला दारातच कळते, ते यामुळेच. परतलेली बाई पहिली काही मिनिटे स्वतःच्याच घरात पाहुणी असते, आणि तुझ्या कथेतला सर्वांत मोलाचा वेळ तो आहे. तू मात्र तोच कुबट वास संध्याकाळपर्यंत, सलग चार पाने, तिच्या नाकात ठेवला आहेस. तो दारात एकदाच येऊ दे. पुढे पुन्हा हवा असेल तर तिला काही निमित्ताने बाहेर पाठव आणि परत आत आण.

शिवाय ‘कुबट’ हा एकच शब्द साऱ्या स्वयंपाकघरावर पांघरून तू मोकळा झालास. कुबट वास ओल धरलेल्या लाकडी फळीला येईल. अर्ध्या रिकाम्या तेलाच्या बाटलीला तो येणार नाही. त्या तेलाला वर्षानुवर्षे हवा लागली आहे, त्यामुळे ते खवट झाले असणार. बाटलीच्या तोंडाशी चिकट, पिवळट थर धरला असेल, त्यावर धूळ बसली असेल, आणि बोटाने तो थर पुसून तिने वास घेतला तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा काहीतरी दर्प येईल. मिरपुडीच्या डबीत नुसती करडी भुकटी उरली असेल, कारण दळलेल्या मसाल्याचा वास लवकर उडून जातो. शेजारच्या डबीतल्या अख्ख्या मिऱ्यांतला एक दाणा तिने वाटीच्या बुडाने चिरडला, तर मात्र मंद का होईना, पण वास येईल. एवढे लिहिलेस तरी बारा वर्षे दिसतील, आणि ‘बारा वर्षे’ हे शब्द लिहावेही लागणार नाहीत.

दुसरी चूक क्रमाची आहे. ‘आईची आठवण करून देणारा वास आला’ असे तू लिहितोस, म्हणजे ओळख आधी आणि वास नंतर. प्रत्यक्षात हे उलटे घडते. इतर संवेदना मेंदूतल्या एका मधल्या टप्प्यातून पुढे जातात, पण वासाचा संदेश तो टप्पा न घेताच भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोहोचतो. म्हणून आधी जीव कासावीस होतो, हात थबकतो, आणि कशामुळे हे नंतर, कधीकधी बऱ्याच वेळाने, उमगते. तेव्हा परतलेल्या कांद्याच्या कडा तपकिरी होऊ लागताच ती नकळत आच मंद करते, एवढेच लिही. ही सवय कोणाची, हे तिला पुढच्या परिच्छेदात कळू दे, किंवा कळूच देऊ नकोस.

आता भाताकडे येऊ. तू लिहिले आहेस की ती बारा वर्षे डोंगरातल्या गावात राहिली आणि आता समुद्राकाठच्या घरी आली आहे. एवढी मोठी गोष्ट हाताशी असून तू तिचा काहीच उपयोग केला नाहीस! समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. २,००० मीटर उंचीवर ते सुमारे ९३ अंशांनाच उकळू लागते. तिथे उघड्या पातेल्यातला भात शिजायला वेळ जास्त लागतो, आणि तेवढ्या वेळात वाफ होऊन जाणारे पाणीही वाढवून घालावे लागते. हे गणित तिने मांडलेले नाही, ते तिच्या हातात मुरले आहे. घरी परतल्यावर ती त्याच अंदाजाने पाणी घालते, तेवढाच वेळ पातेले चुलीवर ठेवते. झाकण उचलते तेव्हा वरचा भात गिच्च झालेला असतो आणि तळाला लागायला सुरुवात झालेली असते. त्या करपट वासात तिला आधी आई आठवणार नाही, तर मागे सोडून आलेले डोंगरातले स्वयंपाकघर आठवेल, जे बारा वर्षे तिला परके वाटत होते. एका बिघडलेल्या भातात दोन ठिकाणे आली. चव जुळली असती तर एकही आले नसते. (तिला प्रेशर कुकर मात्र देऊ नकोस, त्यात हा फरक बराचसा झाकला जातो.)

एवढ्या हट्टाने हे का सांगतो, तेही लिहितो. अनेक वर्षे बाहेर राहून मी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. तिने आई करायची तशी आमटी केली होती. पहिल्या घासाबरोबर मी म्हणालो, “अगदी आईच्या हातची.” ते खोटे होते. तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “नाही रे, काहीतरी राहते आहे. मला वाटले होते, तू सांगशील.” काय राहते ते ती कितीतरी वर्षे एकटी शोधत होती, आणि ती चव ठाऊक असलेला दुसरा माणूस जगात मी एकटाच होतो. मी विषय बदलला. पुढे त्या जेवणावर कथा लिहिली, तिच्यातही चव जुळवली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. बहीण आता नाही. त्या आमटीत काय राहत होते, हे आता कोणालाच कळणार नाही.

त्यानंतर मी कोणत्याही कथेत चव जुळू दिली नाही. माझ्या कथांत दिलासा नसतो, असे त्यामुळे मला बरेचदा ऐकावे लागले. असेल तसे. पण ‘काहीतरी राहते आहे’ या वाक्यात बहिणीने जेवढे प्रेम ठेवले होते, तेवढे माझ्या त्या नावाजलेल्या कथेत कुठेही नव्हते, असे मला आजही ठामपणे वाटते, आणि तू ती कथा आवडली म्हणून सांगितलेस तरी मी मत बदलणार नाही.

तेव्हा शेवटची दोन पाने काढून टाक. झाकण उचलते तिथपासून पुन्हा लिही. रडणे नको. तळाला लागलेला थर ती लगेच खरवडते की रात्रभर भिजत घालते, ते ठरव, आणि ठरले की मला कळव.

तुझा,
एक जुना वाचक