फॉर्मवर दहावीचीच तारीख टाका, पण आधी शाळेचं जनरल रजिस्टर बघून या

प्रश्न: दहावीच्या प्रमाणपत्रावर माझी जन्मतारीख १ जून २००३ आहे आणि ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर १९ ऑगस्ट २००३. यूपीएससी, एमपीएससी दोन्ही द्यायच्या आहेत, अजून एकही फॉर्म भरलेला नाही. कोणती तारीख धरतात? जन्मदाखला दाखवून दहावीची तारीख बदलून मिळेल का? (ता. माण, जि. सातारा)

उत्तर: मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्लार्क आहे. जनरल रजिस्टरं माझ्याच कपाटात असतात, त्यामुळे दर महिन्याला एखादा तरी मुलगा नेमका हाच घोळ घेऊन येतो.

फॉर्मवर १ जून २००३ टाका. यूपीएससी वयासाठी दहावीचं प्रमाणपत्र किंवा त्याच्या बरोबरीचा दाखलाच धरते. जन्मपत्रिका, प्रतिज्ञापत्र, पालिकेचा जन्माचा उतारा, नोकरीतल्या नोंदी, यांपैकी काहीही चालणार नाही, असं त्यांच्या जाहिरातीत दरवर्षी छापलेलं असतं. स्टाफ सिलेक्शनवालेही दहावीवरच जातात. बँकांच्या आयबीपीएसला जन्मदाखला चालतो, पण म्हणून तिथे ऑगस्टची तारीख आणि इकडे जूनची असं करू नका. एमपीएससीच्या फॉर्मवरही दहावीचीच तारीख टाका, म्हणजे कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर दोन तारखा समोरासमोर येणार नाहीत.

हल्ली मुलं एक बातमी मोबाइलवर दाखवतात, की जन्मदाखला हाच आता सगळीकडे पुरावा. बातमी खरी आहे, अर्धी वाचलेली असते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि सरकारी नोकरीपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला पुरावा ठरला, पण तो १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. ती पोरं अजून अंगणवाडीत आहेत. तुम्हाला तो नियम लागू नाही. आधारचंही तसंच. आधार कार्ड हा वयाचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सांगितलं आणि वय शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून धरलं.

आता बदलाचं. 'बदलून मिळेल का' हे विचारण्याआधी तारीख नेमकी कुठे तुटली ते शोधा. सगळं त्यावर अवलंबून आहे. तारीख चार हातांतून जाते: ग्रामपंचायतीचं जन्म रजिस्टर, प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर, तिथल्या दाखल्यावरून हायस्कूलचं जनरल रजिस्टर, आणि त्यावरून बोर्डाला गेलेला दहावीचा फॉर्म. चारही ठिकाणचे उतारे काढून शेजारी ठेवा. जन्मदाखल्यावर आणखी एक गोष्ट बघा, नोंदणीची तारीख. जन्म २००३ चा आणि नोंदणीही २००३ ची असेल तर दाखल्याला वजन आहे. नोंदणी दोन-चार वर्षांपूर्वी, विलंबाने करून घेतलेली असेल, तर शिक्षणाधिकारी कार्यालयात पहिली शंका तिथेच काढतात. नोंद आजोळच्या गावात असेल आणि तिथे बाळाचं नाव लिहिलेलंच नसेल, तर ती नोंद तुमचीच आहे ना हेही पडताळा. थोरल्या भावंडाची नोंद आपली समजून दाखला आणलेले लोक मी पाहिलेत.

माझ्या भाच्याचं उदाहरण देतो, म्हणजे तुटणं म्हणजे काय ते कळेल. त्याचा जन्म १८ जून २००२ चा, आटपाडी तालुक्यात, आणि नोंद त्याच महिन्यातली. प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात बरोबर '१८-०६-२००२' आणि अक्षरी 'अठरा जून'. पुढे हायस्कूलला दिलेल्या दाखल्यावर गुरुजींच्या हातचा ६ असा काही निघाला की तो ३ वाटावा. हायस्कूलच्या क्लार्कने (तो मी नव्हे!) अंक वाचला, अक्षरी वाचलं नाही, आणि स्वतःच्या रजिस्टरात '१८-०३' लिहून अक्षरीत 'अठरा मार्च' असं पक्कं करून टाकलं. तीच तारीख बोर्डात गेली आणि प्रमाणपत्रावर छापून आली.

ही उघड नकलेची चूक. माध्यमिक शाळा संहितेत शाळा सोडल्यानंतर जन्मतारीख बदलायला बंदी आहे, पण उघड लेखनदोषाला वाट ठेवलेली आहे. आम्ही काय केलं? प्राथमिकच्या रजिस्टरचा साक्षांकित उतारा, प्राथमिकच्या दाखल्याची स्थळप्रत (तिच्यावर अक्षरी 'अठरा जून' स्पष्ट होतं), हायस्कूलच्या रजिस्टरचा उतारा, जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि पालकांचं प्रतिज्ञापत्र असा गठ्ठा बांधला. हा प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या सहीने जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी, माध्यमिक, यांच्याकडे गेला. मंजुरीचा आदेश आल्यावर हायस्कूलने रजिस्टरात लाल शाईने दुरुस्ती करून आदेशाचा क्रमांक शेजारी लिहिला. मग शाळेमार्फतच प्रस्ताव कोल्हापूरला, कारण सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. जुनं मूळ प्रमाणपत्र जमा केलं, तेव्हा नवीन मिळालं. प्रत्यक्ष कामाला आठवडाभर पुरे झाला असता, टेबलाटेबलावर सात महिने गेले. एकदा फाइल परत आली ती फक्त उताऱ्यावर शाळेचा शिक्का पुसट होता म्हणून.

या सात महिन्यांत भाच्याला मी एकही फॉर्म भरू दिला नाही, त्यावरून बहिणीची बोलणीही खाल्ली. कारण असं, की अर्ज भरताना हातात असलेल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर जी तारीख असेल तीच यूपीएससी धरते, नंतर बदलाची विनंती ऐकत नाही. आधी फॉर्म आणि मग दुरुस्ती असं केलं, तर दुरुस्त प्रमाणपत्रच तुमच्या विरोधात उभं राहतं. तुम्ही अजून कुठेच फॉर्म भरलेला नाही, हे तुमचं नशीब.

आता तुमच्या तारखांकडे येऊ. १ जून बघितल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली. आपल्याकडे गुरुजींनी अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्माला घातलाय. मूल शाळेत आणलं, तारीख कुणाला आठवेना, शाळा जूनमध्ये सुरू होते, लिहा १ जून. म्हणूनच तर दरवर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते: महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. तुमच्या बाबतीतही प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात पहिल्या दिवसापासून १ जूनच असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर नकलेची चूक म्हणता येणार नाही. दाखल करताना जे सांगितलं गेलं तेच शाळेने लिहिलं, आणि तुमच्या पालकांनी त्याखाली सही केली. असा प्रस्ताव शिक्षणाधिकारी बहुधा नाकारतात. मग उरतं कोर्ट. उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे आणि सातारा-सांगली त्याच्याच हद्दीत. पण वेळ आणि वकिलाची फी लागायची ती लागतेच.

एवढं करून मिळणार काय, याचा हिशेब आधी मांडा. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला वय त्या वर्षीच्या १ ऑगस्टला मोजतात आणि त्या दिवशी खुल्या गटाला ३२ पूर्ण झालेली नसावीत. १ जून धरली तर तुम्ही २०३५ च्या १ ऑगस्टला ३२ पूर्ण केलेली असतील, म्हणजे शेवटची परीक्षा २०३४ ची. १९ ऑगस्ट धरली तर २०३५ चीही देता येईल. अडीच महिन्यांच्या फरकाने एक अख्खं वर्ष मिळतं, हे खरं. पण खुल्या गटाला प्रयत्न सहाच, आणि २२-२३ व्या वर्षी सुरुवात केली तर ते त्याआधीच संपतात. एमपीएससीच्या बहुतेक पदांना खुल्या गटाची मर्यादा ३८ आहे, तिथे तुम्हाला सध्या फरकच पडत नाही. पोलीस भरतीचा विचार असेल तर २८ ची मर्यादा बघून पुन्हा हिशेब करा. निवृत्तीला जून-ऑगस्टमुळे तीन महिन्यांचा पगार कमी मिळेल, तेवढाच. मी तुमच्या जागी असतो तर कोर्टाच्या वाटेला गेलो नसतो.

राजपत्रात जाहिरात देऊन तारीख बदलतो म्हणणारे एजंट सेतूच्या बाहेर उभे असतात. राजपत्रात जन्मतारीख बदलाची नोंद छापून येते, पण त्याने बोर्डाचं रेकॉर्ड बदलत नाही आणि आयोगालाही त्याचं काही पडलेलं नसतं. उलट बाजूने, जन्म रजिस्टरात १ जून करून घ्या असा सल्ला कुणी दिला तर तिकडेही जाऊ नका. तिथली तारीख खरी आहे, आणि जन्म नोंदणीत जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. जन्मदाखला आहे तसा घरात ठेवा.

बाकीची कागदपत्रं मात्र दहावीशी जुळवून घ्या. मुलं सगळ्यात जास्त अडकतात ती वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाच्या दाखल्यात. सेतूमध्ये अर्ज करताना हाताशी असेल तो कागद जोडतात, जन्मदाखला जोडला की तहसीलच्या त्या दाखल्यावर ऑगस्टची तारीख छापून येते, आणि हा दाखला पुढे पडताळणीत द्यायचा असतो. तुमच्याकडे असा दाखला असेल तर आजच काढून बघा, आणि चुकला असेल तर शाळा सोडल्याचा दाखला जोडून नवीन काढा. पॅन आणि लायसन त्यानंतर. आधारवर ऑगस्ट असेल तर दहावीचं प्रमाणपत्र नेऊन बदला, पण केंद्रावर ऑपरेटरने टाकलेली तारीख पावतीवर वाचल्याशिवाय उठू नका, कारण आधारमध्ये जन्मतारीख एकदाच बदलून मिळते.